उलटा निकाल आला असता तर?

समजा, आंतरशालेय वादविवाद स्पर्धेसाठी विषय आला आहे: 'सोलापुरात घरोघरी पाण्याला मीटर बसवावेत'. चिठ्ठीत तुमच्या वाट्याला प्रतिकूल बाजू आली. या विषयावर मत नाही असा सोलापूरकर सापडणं अवघड. नळाला पाणी कधी येणार आणि मग पुन्हा किती दिवसांनी, यावर घरातली कामं ठरताना आपण लहानपणापासून बघत आलोय. तुम्ही हिराचंद नेमचंद वाचनालयात बसता, जुनी वर्तमानपत्रं चाळता, वहीत टाचण काढता. दोन तासांत वही भरते आणि त्यातलं जवळपास सगळं मीटरच्या विरोधातलं असतं. तुम्ही मुद्दाम काही वगळलेलं नसतं. प्रत्येक बातमी प्रामाणिकपणे वाचलेली असते.

आपल्याला आधीच पटलेल्या गोष्टीला दुजोरा देणारी माहिती शोधायची, तीच लक्षात ठेवायची आणि तिच्यावर पटकन विश्वास ठेवायचा, या मनाच्या सवयीला मानसशास्त्रात पुष्टी-पूर्वग्रह म्हणतात. बहुतेकांना वाटतं की दोन्ही बाजूंचं वाचलं की हा दोष जातो. तसं होत नाही, हे एका जुन्या प्रयोगाने फार स्वच्छ दाखवून दिलं. स्पर्धेला उतरणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर या संशोधकांनी तो केला आणि 1979 मध्ये प्रसिद्ध केला. विषय होता फाशीची शिक्षा. त्यांनी 48 विद्यार्थी निवडले: 24 फाशीचे ठाम समर्थक, 24 ठाम विरोधक. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले. एकातून फाशीमुळे खून कमी होतात असं दिसत होतं, दुसऱ्यातून नेमकं उलट. दोन्ही अभ्यास संशोधकांनी स्वतः रचलेले होते, पण विद्यार्थ्यांना ते खरे वाटत होते.

अभ्यासांची पद्धत वेगवेगळी होती. अमेरिकेत फाशीचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. त्यामुळे एका अभ्यासात 14 राज्यांत हा कायदा येण्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षातल्या खुनांची तुलना होती. दुसऱ्यात शेजारी राज्यांच्या 10 जोड्या घेतल्या होत्या. जोडीतल्या एका राज्यात फाशी होती, दुसऱ्यात नव्हती. प्रयोगाची खरी खुबी पुढे आहे. निम्म्या विद्यार्थ्यांना 'आधी आणि नंतर'वाला अभ्यास फाशीच्या बाजूने निकाल देताना दाखवला, उरलेल्या निम्म्यांना तोच अभ्यास, त्याच पद्धतीचा, पण फाशीच्या विरुद्ध निकाल देताना. शेजारी राज्यांच्या अभ्यासाचंही तसंच. म्हणजे पद्धत तीच राहिली, फक्त निकाल फिरवला.

पद्धत चांगली की वाईट, हे निकालावर ठरायला नको. पण तसंच ठरलं. आपल्या मताला धरून असलेला अभ्यास दोन्ही गटांना नीट केलेला आणि पटण्याजोगा वाटला. विरुद्ध निकालाच्या अभ्यासात मात्र त्यांना खोट सापडली: एकच वर्ष का पाहिलं, त्या काळात एकूण गुन्हे वाढत होते की घटत, शेजारची राज्यं खरंच सारखी होती का. या हरकती चुकीच्या नव्हत्या, उलट बऱ्याचशा रास्तच होत्या. फक्त त्या एकाच बाजूला लावल्या गेल्या. आपल्याकडच्या धान्याला मोठ्या भोकांची चाळण आणि दुसऱ्याच्या धान्याला मैद्याची, असा तो प्रकार.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. नुसता निकाल वाचल्यावर विद्यार्थ्यांचं मत त्या दिशेने थोडं हललं होतं, विरुद्ध निकाल असला तरी. मग त्यांनी तपशील आणि टीका वाचली आणि विरुद्ध निकालाने हललेलं मत पुन्हा मूळ जागी गेलं. तपशिलांमुळे त्यांना नको असलेला निकाल नाकारायला कारणं मिळाली. हुशार, चिकित्सक वाचक या सवयीतून सुटतो असं समजू नका. त्याला कारणं अधिक लवकर सुचतात.

शेवटी दोन्ही गट म्हणाले की आमचं मत आणखी पक्कं झालं. या शेवटच्या निष्कर्षाबद्दल मात्र सावध राहायला हवं. ते विद्यार्थ्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं होतं, आणि नंतरच्या प्रयोगांत मतं थेट मोजली तेव्हा ती इतकी ताणली गेल्याचं नेहमी दिसलं नाही. पुराव्याला दुहेरी माप लावण्याचा भाग मात्र पुन्हा पुन्हा दिसला.

मग उपाय काय? लॉर्ड आणि लेपर यांनी एलिझाबेथ प्रेस्टन यांच्यासोबत तोही तपासला; ते काम 1984 मध्ये आलं. काही विद्यार्थ्यांना सांगितलं, 'न्यायाधीशासारखे निःपक्षपाती राहा.' त्याचा उपयोग झाला नाही, कारण पक्षपात करणाऱ्याला आपण निःपक्षपातीच वाटत असतो. दुसऱ्या काहींना सांगितलं, 'हाच अभ्यास उलटा निकाल घेऊन आला असता, तर तुम्ही त्याला असंच चांगलं किंवा वाईट म्हटलं असतं का, हे प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा.' या गटात दुजाभाव जवळजवळ नाहीसा झाला.

आता हे वहीवर करून पाहू. पुढची दोन टाचणं मी उदाहरणासाठी कल्पिली आहेत. पहिलं: एका वसाहतीत मीटर बसले आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकर कमी लागले. तुम्ही प्रतिकूल बाजूचे, म्हणून लगेच शेरा लिहिता: 'त्या वर्षी उजनी भरलं होतं, मीटरचं श्रेय कशाला?' हरकत उत्तम आहे. दुसरं: दुसऱ्या एका वसाहतीत मीटर बसल्यावर टँकर वाढले. हे तुम्ही थेट मुद्दा क्रमांक एक म्हणून उतरवता.

इथे थांबा आणि निकाल उलटा करा. दुसऱ्या वसाहतीत टँकर घटले असते तर तुम्ही काय विचारलं असतं? अर्थातच, उजनी त्या वर्षी किती भरलं होतं. मग ते आत्ताही विचारा. उजनीत पाणी येतं ते मुख्यतः वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचं; सोलापुरात पाऊस कसा झाला यावरून ते कळत नाही. त्या वर्षी धरण रिकामं होतं असं निघालं, तर तुमचा मुद्दा क्रमांक एक पहिल्या टाचणाइतकाच कच्चा आहे. आणि समोरचा स्पर्धक खंडनाच्या फेरीत नेमकं तेच विचारणार आहे.

याहून पक्की पद्धत जोडीने करता येते. टाचण वाचायला देताना जोडीदाराने निकालाच्या ओळीवर कागद ठेवायचा. किती घरं पाहिली, किती महिने मोजलं, मीटर नसलेल्या वसाहतीशी तुलना केली का, एवढंच वाचून तुम्ही दहापैकी गुण द्यायचे आणि ते पेनने लिहायचे. कागद नंतर काढायचा. निकाल पाहिल्यावर गुण बदलावेसे वाटले, तर ती ओढ कोणत्या बाजूची आहे हे तुम्हाला तिथल्या तिथे दिसतं.

या चाचणीला एक मर्यादा आहे. वहीत जे आलं त्याचंच माप ती सारखं करते. जी बातमी तुम्ही मथळा पाहूनच उलटली, ती तिच्या हाती लागत नाही. म्हणून निम्मी टाचणं अनुकूल बाजूच्या स्पर्धकाकडून उसनी घ्या आणि तुमची त्याला द्या. त्याने निवडलेल्या सर्वांत भक्कम पुराव्याला गुण देताना तुमचं पेन किती अडखळतं, ते बघा.