चक्रवाढ व्याज : बचत गटाच्या बैठकीतील मांडणी

मुदलावर मिळालेले व्याज मुदलातच मिसळायचे आणि पुढच्या मुदतीचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर आकारायचे, या पद्धतीला चक्रवाढ व्याज म्हणतात. बोलीत त्याला ‘व्याजाला व्याज’ असे म्हटले जाते. सरळव्याजात मुद्दल शेवटपर्यंत तेवढेच राहते, म्हणून व्याजही दर खेपेला तेवढेच येते. वस्तीतल्या महिला बचत गटात हा विषय साधारणपणे मासिक बैठकीत, बचत गोळा झाल्यावर, अर्ध्या-पाऊण तासात मांडला जातो. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेली गट-बँक जोडणी यांमुळे असे गट सर्वत्र पसरले. गटात बहुधा दहा ते वीस जणी असतात. त्यांना सूत्र पाठ करून काही साधत नाही. गटाचा पैसा कुठे चक्रवाढीने वाढतो, कुठे वाढायचा थांबतो आणि ही चक्रवाढ कधी कर्जदार सदस्येवरच उलटते, हे कळणे त्यांच्या उपयोगाचे असते.

कुंडी आणि चिंचोके

सुरुवातीला बरेचदा विरजणाचे उदाहरण दिले जाते. ते फसवे आहे. कालच्या चमचाभर दह्याने आजचे भांडे लागते, पण रोजचे भांडे मोठे होत नाही. कोरफडीची कुंडी त्याहून चपखल बसते. एका रोपाला वर्षात एक पिल्लू फुटते असे धरले आणि ते पिल्लू शेजारणीला दिले, तर आपल्याकडे कायम एकच कुंडी राहते. हे सरळव्याज. पिल्लू आपल्याच अंगणात लावले, तर पुढच्या वर्षी दोन्ही रोपांना पिल्ले फुटतात आणि एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ कुंड्या होतात. पिल्लू फुटून नुसते पडून राहिले तर काही वाढत नाही, ते मातीत लावावे लागते. गटातही व्याज हातात आले एवढ्याने चक्रवाढ सुरू होत नाही, ते पुन्हा कर्जाऊ द्यावे लागते.

त्यानंतर चिंचोक्यांचा हिशेब मांडतात. त्यासाठी दोन थाळ्या, एक वाटी आणि सव्वाचारशे चिंचोके लागतात. दोन्ही थाळ्यांत शंभर-शंभर चिंचोके ठेवायचे आणि दर फेरीला, म्हणजे दर वर्षाला, दहावा हिस्सा व्याज धरायचे. डाव्या थाळीचे व्याज बाजूच्या वाटीत जाते, उजव्या थाळीचे व्याज त्याच थाळीत पडते. दहावा हिस्सा काढायला भागाकार नको, शेवटचा आकडा बोटाने झाकला की झाले : १३३ मधला शेवटचा ३ झाकला की १३ उरतात.

पहिल्या फेरीनंतर दोन्हीकडे ११० होतात आणि काहीजणी म्हणतात, यात फरक तो काय? दुसऱ्या फेरीनंतर डावीकडे वाटीसह १२० असतात आणि उजवीकडे १२१. इथे थांबावे. तो एक जादा चिंचोका पहिल्या वर्षीच्या दहा चिंचोक्यांचे व्याज आहे, मूळ शंभरांचा त्याच्याशी संबंध नाही. हे एका तरी सदस्येने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढची फेरी करू नये. पुढे उजवी थाळी १३३, १४६, १६०, १७६, १९३ अशी चढते आणि आठव्या फेरीला २१२ वर जाते, तेव्हा डावीकडे १८० असतात. पैशात हाच आकडा २१४ रुपये येतो, कारण चिंचोक्याचे तुकडे करता येत नाहीत आणि अपूर्णांक गळतात. हे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर हिशेबात चोख असलेली एखादी सदस्य तिथेच अडते.

दुप्पट कधी?

शंभराचे दोनशे व्हायला साधारण सात वर्षे आणि काही महिने लागले, हे थाळीतच दिसते. ते तोंडी काढण्याची युक्ती म्हणजे ७२ ला व्याजदराने भागणे. दर १० असेल तर ७.२ वर्षे. टपाल कार्यालयातल्या किसान विकास पत्रावर हे पडताळून दाखवता येते. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर साडेसात टक्के आणि दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली होती. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, आणि ९.६ वर्षांचे महिने होतात ११५. छापील मुदत आणि तोंडी हिशेब जुळला की बायकांचा युक्तीवर विश्वास बसतो.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘टक्का’ या शब्दात होतो. बँकेचा आठ टक्के दर वर्षाचा असतो, तर गटाचा किंवा सावकाराचा ‘शेकडा दोन’ हा महिन्याचा. कानाला दोन हा आठापेक्षा लहान वाटतो, पण शेकडा दोन म्हणजे वर्षाला सरळ चोवीस आणि चक्रवाढीने जवळजवळ सत्तावीस. म्हणून ७२ चा भागाकार करताना दर महिन्याचा असेल तर उत्तरही महिन्यांत येते हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. शेकडा दोनाने रक्कम ३६ महिन्यांत दुप्पट होते, शेकडा पाचाने जेमतेम चौदा-पंधरा महिन्यांत.

हीच युक्ती उलटीही चालवता येते. वर्षात पैसे दुप्पट करून देतो असे कोणी सांगत आला, तर तो महिन्याला शेकडा सहा, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला शंभर टक्के व्याज कबूल करतो आहे, आणि एवढे कमावणारा धंदा कोणता, हे त्याला विचारावे. अशा योजनांना ‘दामदुप्पट’ म्हणतात. खरे तर दामदुपटीचा जुना नियम कर्जदाराच्या बाजूचा होता : सावकाराने एका वेळी वसूल करायचे थकीत व्याज मुदलापेक्षा जास्त असू नये, असे तो सांगत असे.

गटाचा निधी

आता गटाचे स्वतःचे आकडे घ्यावेत. दहा जणींची दरमहा २०० रुपये बचत, म्हणजे महिन्याला २,००० रुपये. सगळी रक्कम त्याच बैठकीत अंतर्गत कर्ज म्हणून जाते आणि दर शेकडा दोन आहे, असे धरू. व्याज पुन्हा कर्जात न घालता पेटीत बाजूला ठेवले, तर वर्षअखेरीस बचत आणि व्याज मिळून २७,१२० रुपये होतात. आलेले व्याज त्याच बैठकीत नव्या कर्जात घातले, तर होतात सुमारे २७,३६०. वर्षभर खटपट करून फरक २४० रुपयांचा, म्हणजे माणशी चोवीस. इथेच गट चुकतात. एवढ्याशा फरकासाठी कशाला थांबायचे, म्हणून दिवाळीला व्याज वाटून घेतात आणि दर वर्षी पहिल्या फेरीपासून सुरुवात करतात.

तीन वर्षांनी मात्र हे आकडे ९८,६४० आणि सुमारे १,०६,०७० असे होतात. पाच वर्षांनी एकीकडे १,९३,२०० आणि दुसरीकडे जवळपास २,३२,६७०. फरक एकोणचाळीस हजारांवर जातो. यातली बचत दोन्हीकडे सारखीच, १,२०,००० रुपये आहे.

प्रत्यक्षात निधी इतका वाढत नाही, हेही त्याच बैठकीत सांगावे. सगळी रक्कम दर महिन्याला कर्जात जात नाही. काही पेटीत असते, काही बँकेच्या बचत खात्यात, जिथे वर्षाला अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास मिळते. आणि व्याज भरते कोण? सदस्याच. एका बहिणीचा नफा दुसरीच्या हप्त्यातून येतो. कर्ज शिवणयंत्राला किंवा भाजीच्या गाडीला गेले आणि त्यातून चोवीस टक्क्यांहून जास्त सुटले, तरच ही वाढ घराबाहेरून आलेली असते. आजारपणासाठी घेतलेल्या कर्जावर शेकडा दोन घेऊन निधी फुगवला, तर पैसा एका पदरातून दुसऱ्या पदरात गेलेला असतो. म्हणून काही गट आजारपणाच्या कर्जाचा दर निम्मा ठेवतात.

भिशी या हिशेबात बसत नाही. बारा जणी हजार-हजार घालतात आणि चिठ्ठीत नाव येईल तिला बारा हजार मिळतात. त्यात व्याज नाही, म्हणून चक्रवाढही नाही, फक्त पाळी आहे.

कर्जदाराच्या बाजूने

हप्ता नियमित भरणाऱ्या सदस्येला चक्रवाढ लागत नाही, कारण तिचे व्याज महिन्याच्या महिन्याला चुकते होते. ५,००० रुपये शेकडा दोनाने, दहा हप्त्यांत. पहिल्या महिन्यात ५०० मुद्दल आणि १०० व्याज, दुसऱ्यात ५०० आणि ९०, असे उतरत दहाव्या महिन्यात ५०० आणि १०. एकूण व्याज ५५० रुपये. तेच शेवटपर्यंत मूळ ५,००० वर, म्हणजे दरमहा १०० घेतले तर १,००० होतात. दर तोच, व्याज जवळपास दुप्पट. गटाच्या खतावणीत ‘शिल्लक मुद्दल’ असा रकाना नसेल तर बहुधा दुसरी पद्धत चाललेली असते, आणि ती लिहिणाऱ्या सचिवालाही कित्येकदा ते माहीत नसते.

हप्ते थांबले की चित्र बदलते. त्याच ५,००० वर वर्षभर काहीच भरले नाही तर सरळव्याजाने ६,२०० होतात आणि थकलेले व्याज दरमहा मुदलात घातले तर ६,३४१. वर्षभराचा फरक १४१ रुपयेच असल्यामुळे कोणी भांडत नाही. तीन वर्षांनी एकीकडे ८,६०० आणि दुसरीकडे १०,१९९ होतात, तेव्हा भांडण होते.

हे बैठकीत साध्या कॅल्क्युलेटरवर काढता येते : ५००० × १.०२, आलेल्या उत्तराला पुन्हा × १.०२, असे महिन्यांइतके वेळा. १.०२ ऐवजी १.२ दाबले तर तो वीस टक्के दर होतो. पहिले उत्तर ५,१०० आले का, एवढे पाहिले तरी ही चूक सापडते.

अर्धवट भरणा आला तर तो आधी व्याजाकडे आणि उरला तर मुदलाकडे जमा करतात. १०० रुपये व्याज असताना सदस्येने ६० भरले, तर मुद्दल ५,००० च राहते आणि ४० रुपये थकतात. या ४० रुपयांवर पुढच्या महिन्यात ८० पैसे व्याज लावायचे की ते वेगळ्या रकान्यात व्याजाशिवाय उभे ठेवायचे, हे गटाने ठरवायचे असते. तो ठराव कर्ज देण्याआधी इतिवृत्तात लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घेतलेले असावेत.