रोजचा इंग्रजी शब्द आणि रोजचा छोटा धडा

डिलिव्हरी रायडरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी मेसेज येतो: 'पंक्चुअल म्हणजे वेळ पाळणारा'. खाली एक वाक्य, फुलाचं चित्र. दुसऱ्या ग्रुपवरचा मेसेजही तेवढाच छोटा असतो, पण तो रायडरकडून उत्तर मागतो. दोन्हींना सर्रास मायक्रोलर्निंग, म्हणजे छोट्या छोट्या धड्यांतून शिकणं, म्हटलं जातं. माझ्या मते ते नाव फक्त दुसऱ्यालाच शोभतं.

हिंजवडीच्या एखाद्या सोसायटीतली ऑर्डर घ्या. ॲपवर सूचना आहे: "Leave with security". सोमवारच्या धड्यात एवढीच सूचना, तिचा मराठी अर्थ, दहा-पंधरा सेकंदांचा ऑडिओ आणि प्रश्न: पार्सल कुणाकडे द्यायचं? मंगळवारी नवी सूचना नाही. पार्सल वॉचमनकडे दिलंय, आता ग्राहकाला फोनवर काय सांगाल? रायडरने व्हॉइस नोट पाठवायची: 'सर, आय हॅव लेफ्ट इट विथ सिक्युरिटी.' बरेच जण 'आय लीव्ह' म्हणतात. मग पार्सल ठेवलंय की ठेवणार आहे, हे ग्राहकाला कळत नाही आणि तो पुन्हा फोन करतो. म्हणून दुरुस्ती फक्त तेवढ्याच जागी करायची. शुक्रवारी तोच साचा, पण पार्सल दाराशी ठेवलंय: शेवटी 'ॲट द डोअर' त्याचं त्याने जोडायचं. आठवड्यात वाक्य एकच, पण पुन्हा पुन्हा आठवावं लागलेलं.

या आठवावं लागण्यातच खरा फरक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. शब्दाचा मेसेज वाचल्यावर 'आलं की मला' असं वाटतं, ते या पाच मिनिटांपुरतं.

निळ्या टिका मोजून शिकणं मोजता येत नाही, कारण त्या दोन्हीकडे सारख्याच दिसतात. चार दिवसांनी मेसेज न दाखवता, फोन आल्यासारखं विचारा. रायडर अडखळत का होईना पूर्ण वाक्य बोलला, तर तो धडा होता.

वेळही महत्त्वाची. गाडी चालवताना मेसेज वाजता कामा नये. लॉगिनच्या आधी किंवा हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघताना तो उघडता यावा. व्हिडिओपेक्षा ऑडिओ बरा, डेटा कमी जातो.

चिडलेल्या ग्राहकाशी भरभर बोलणं मात्र अशा मेसेजांतून येत नाही. त्यासाठी समोर माणूस बसवून सराव करावा लागतो. सहकारी रायडरांपैकी कुणी ग्राहक झाला तरी चालेल.