पुण्यात भाजी पहाटे का घ्यावी, आणि रविवारीच का

शनिवारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलात तर भाजीचे गाळे बंद असतात. रविवारी पहाटे त्याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शनिवारच्या सुट्टीमुळे दोन दिवसांचा माल एकदम येतो, म्हणून आठवड्यातली सर्वांत मोठी आवक रविवारची. मात्र पुण्यात भाजी घेण्याच्या वेळा अशा कशा ठरल्या हे समजून घ्यायचं, तर आधी मंडईत जावं लागतं.

पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भाजीबाजार भरत असे. तो छताखाली आणायचा म्हणून नगरपालिकेने मोठी इमारत बांधायचं ठरवलं. नगरपालिकेचे सदस्य या नात्याने जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही इमारत उभी राहिली. 1886 मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं, महात्मा फुले मंडई. पुणेकर मात्र नुसतं ‘मंडई’ म्हणतात. मला यात फुल्यांचा पराभव दिसत नाही. सार्वजनिक पैसा कुठे जावा हा त्यांचा प्रश्न त्या नावाबरोबर टिकून राहिला, असंच मी मानतो.

शहर वाढलं तसा मधल्या पेठांच्या बोळांत घाऊक माल उतरवणं अशक्य झालं. घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला आणि मंडईत किरकोळ विक्री उरली. इथून वेळांची फाटाफूट झाली. शेतकऱ्याने संध्याकाळी काढलेला माल रात्री टेम्पोत भरला जातो आणि उजाडायच्या आत गाळ्यावर येतो. अडत्या तो विकून देतो. शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडते, त्यात हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा झालेलं असतं. पूर्वी अडत, म्हणजे अडत्याचं कमिशनही, त्याच्याच पट्टीतून कापली जायची. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं.

पालेभाजीचा भाव यार्डात शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांवर बोलतात. फळभाजीचा दहा किलोवर. समजा कोथिंबीर शेकडा 800 रुपयांनी गेली. म्हणजे जुडी आठ रुपयांना पडली. किरकोळ विक्रेता ती घेतो, त्यावर अडत, हमाली आणि रिक्षाभाडं चढतं. वाटेत काही जुड्या पिवळ्या निघतात, काही सकाळी अकराच्या उन्हात माना टाकतात. त्यांचे पैसे उरलेल्या जुड्यांवर बसतात. तुमच्या हातात ती पंधरा-वीसला येते, ती या सगळ्यामुळे. पावसाळ्यात हा फरक वाढतो, कारण भिजलेली कोथिंबीर जुडीच्या पोटात तापते आणि देठाकडून काळी पडते. जुडी विकत घेताना बांधलेल्या जागी बोट घालून पाहावं. आत ऊब किंवा चिकटपणा लागला तर ती संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.

घरच्यासाठी यार्डात जायचं तर अडचण अशी की गाळ्यावर पाव किलो कोणी देत नाही. तिथे पोतं किंवा क्रेट उचलावं लागतं. चार घरांनी मिळून बटाटा, कांदा, टोमॅटो घ्यायचा असेल तर जाणं परवडतं, एकट्याला नाही. निवड हवी असेल तर उजाडता उजाडता जावं. नऊनंतर भाव उतरतो, पण उरलेला माल निवडून गेलेला असतो. बटाट्याला त्याने फारसं बिघडत नाही, मेथीला बिघडतं. सणाच्या आदल्या दिवसाला हा नियम लागू नाही. भोगीसाठी गाजर, पावटा, वांगी यांचा उठाव इतका असतो की आवक वाढूनही भाव उतरत नाही. तेव्हा दोन दिवस आधी घ्यावं.

2016 मध्येच राज्याच्या कृषी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान सुरू केलं. त्याचं गणित यार्डाच्या उलट आहे. इथे अडत्या नाही आणि शेतकरी किंवा त्यांचा गट स्वतः विकतो. म्हणून पहाटेची घाई नसते. बाजार मांडला की पहिल्या तासात गेलं तर निवड चांगली मिळते. शेवटच्या अर्ध्या तासात पालेभाजी स्वस्त होते, कारण ती परत गाडीत भरून न्यायला भाडं पडतं आणि सकाळपर्यंत ती विकण्याजोगी राहत नाही. भोपळा, सुरण, कांदा मात्र त्या वेळीही फारसे खाली येत नाहीत. ते पुढच्या बाजारालाही चालतात, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.