एकावन्न ऐकलं, पंधरा टाइप झालं

आई कार्ड हातात धरून नंबर वाचत होती आणि मी मोबाईलवर टाइप करत होतो. ती जोड्यांनी वाचते. 'एकावन्न' ऐकलं आणि माझ्या बोटांनी १५ टाइप केलं, कारण मराठीत एकावन्न म्हणताना 'एक' आधी कानावर पडतो. नंबर पूर्ण होताच तो चुकल्याची लाल ओळ आली. बँकेपर्यंत काही पोचलंच नव्हतं. मग चूक कळली कशी?

कार्डाच्या नंबरचे सुरुवातीचे अंक म्हणजे त्याचं आडनाव. ४ ने सुरू झाला तर व्हिसा, ५१ ते ५५ असेल तर मास्टरकार्ड. रुपेची बरीच कार्डं ६० किंवा ६५ ने सुरू होतात. म्हणून एक-दोन अंक टाकताच कंपनीचं चिन्ह दिसतं. पहिले सहा अंक (नव्या पद्धतीत आठ) मिळून कार्ड कोणत्या बँकेनं दिलं ते सांगतात. पुढचे अंक तुमच्या कार्डाचे. शेवटचा एकच अंक मात्र कोणाचाही नाही. तो बाकीच्या अंकांवरून हिशेब करून काढलेला असतो.

हा हिशेब आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांचा. १९५४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तो हातात धरायच्या एका यांत्रिक उपकरणासाठी. नुसती बेरीज केली असती तर ५१ आणि १५ दोन्हींची ६ च येते. म्हणून लून यांनी उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट केला. दुप्पट दोन आकडी झाली तर तिचे अंक मिळवायचे: ५ चे १०, म्हणजे १. एकूण बेरजेला १० ने भाग गेला पाहिजे.

पेमेंटच्या चाचणीसाठी वापरतात तो नंबर घेऊ: ५१०५ १०५१ ०५१० ५१००. सोळा अंकी नंबरात डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक दुप्पट होतात. त्यांची बेरीज ७, उरलेल्यांची १३, एकूण २०. बरोबर. आता दुसऱ्या गटातल्या ५१ चे १५ करा. आधी ती जोडी १ + १ = २ देत होती, आता २ + ५ = ७ देते. बेरीज २५. चूक पकडली!

एखादाच अंक चुकला तर तो कायम सापडतो, कारण दुप्पट करून आलेले दहाही अंक वेगवेगळे असतात. शेजारच्या अंकांची अदलाबदलही सापडते, फक्त ०९ आणि ९० ची नाही. दुप्पट करूनही ० चा ० आणि ९ चा ९ च राहतो (१८, म्हणजे १ + ८), त्यामुळे जागा बदलल्या तरी बेरीज तीच. २२ च्या जागी ५५ पडले तरीही सुटतात. आधारचा शेवटचा अंक काढायला म्हणूनच वेगळी, व्हरहूफ यांची रीत वापरतात. तिच्यातून ०९ आणि ९० ही सुटत नाहीत.

लून यांची रीत चोराला मात्र अडवत नाही. मनाला येतील ते सोळा अंक लिहिले तरी दहातला एक नंबर या हिशेबात बसतो. ते कार्ड खरंच आहे का, हे बँकेलाच विचारावं लागतं.