पाइप पिवळा पडला, टाकी पांढुरकी झाली: आधी काय बदलायचं?

प्लास्टिक पिवळं पडलं की ते गेलंच, असं आपण धरून चालतो आणि रंग शाबूत दिसला की निर्धास्त राहतो. स्लॅबवरच्या पाइप-टाकीच्या बाबतीत हे दोन्ही अंदाज फसतात.

पांढरा पाइप पीव्हीसीचा असतो. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या वरच्या थरातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. जे उरतं ते निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून पाइप पिवळा दिसतो. हे नुकसान अगदी वरवरचं असतं. पाण्याचा दाब तो अजूनही झेलतो, मात्र माकडाने उडी मारली तर तडकायची भीती वाढते. असा पाइप पाण्यात कालवायच्या फिकट रंगाने रंगवला तरी काम भागतं.

टाकी पॉलिथिनची, आणि खरी काळजी तिचीच. तिथे किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यातल्या उष्णतेने त्याला आणखी वेग येतो. पिवळेपणा फारसा येत नाही, पण हात फिरवला की खडूसारखी पूड लागते. मग झाकणाच्या आट्यांजवळ आणि पश्चिमेकडच्या अंगाला बारीक भेगा दिसू लागतात. इथवर आलेल्या टाकीला वेल्डिंग करण्यात अर्थ नाही, कारण जोडाच्या शेजारीच नवी भेग पडते.

नवी घेताना काळी की पांढरी, हा वाद नेहमीचा. काळी तापते म्हणून लवकर फुटते, असं बरेच जण सांगतात. खरं तर तिच्यातला कार्बन ब्लॅक किरणं वरच्या थरातच अडवतो. आयएस 12701 या मानकात त्याचं प्रमाण सुमारे 2.5 टक्के आहे. पांढरीची सगळी भिस्त मिसळलेल्या यूव्ही स्टॅबिलायझरवर असते आणि तो वर्षागणिक खर्च होत जातो. पांढरीत पाणी कमी तापतं, हे मात्र खरं. ती घ्यायचीच तर आत काळा थर असलेली घ्या, म्हणजे उजेड आत जाणार नाही आणि शेवाळ धरणार नाही. झाकण लावून बाहेरून मोबाइलचा टॉर्च टेकवा. हवेच्या छिद्रातून पाहिल्यावर आत उजेड झिरपताना दिसला, तर ती टाकी नको.

आयएसआय खुणेजवळचा CM/L ने सुरू होणारा क्रमांक BIS Care ॲपवर तपासा. आऊटलेटचं भोक दुकानातच पाडून घ्या आणि निघालेली चकती मागून घ्या. तिच्या कडेवर थर आणि जाडी सरळ दिसते. कापात ठिपके, बुडबुडे किंवा रंगाचे पट्टे असले तर माल नीट मिसळलेला नाही. चकती पक्कडीत धरून वाकवा: चांगली असेल तर वाकते, हलकी असेल तर तडकते.

शेतात फवारणीच्या पाण्यासाठी ठेवलेला निळा ड्रम या हिशेबात धरू नका. तो बहुधा रसायनं नेण्यासाठी बनवलेला असतो, वर्षानुवर्षं उन्हात उभा राहण्यासाठी नाही. त्याला मांडवाखालीच ठेवा.