‘अपि स्वर्णमयी लङ्का’ आणि ‘मित्राणि धनधान्यानि’ : एकाच ओळीचे दोन श्लोक

पंधरा ऑगस्टच्या फलकावर ‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’ लिहून खाली ‘वाल्मीकि रामायण’ असं टाकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. ही ओळ रामायणात आहे का, याचं उत्तर कोणी ‘हो’ देतं, कोणी ‘साफ नाही’. बऱ्याचदा वाद घालणारे दोघे दोन वेगळ्या श्लोकांबद्दल बोलत असतात, आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही.

पहिला श्लोक सगळ्यांच्या तोंडी असलेला: ‘अपि स्वर्णमयी लङ्का न मे लक्ष्मण रोचते । जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी ॥’ इथे रावणवधानंतर राम लक्ष्मणाला सांगतो की लंका सोन्याची असली तरी मला रुचत नाही. दुसऱ्याचा पूर्वार्ध अगदी निराळा: ‘मित्राणि धनधान्यानि प्रजानां सम्मतानिव’. मित्र, धन, धान्य यांना लोकांत मान असतो, पण आई आणि जन्मभूमी स्वर्गाहूनही थोर. हे बोलणारा राम नाही, भरद्वाज ऋषी आहेत, आणि ऐकणारा राम. लंकेहून परतताना राम त्यांच्या आश्रमात थांबतो, तिथला हा प्रसंग.

यातला दुसरा श्लोक छापील रामायणात सापडतो. मद्रासला १९३० साली निघालेल्या एका आवृत्तीत तो युद्धकांडाच्या १२४व्या सर्गात आहे. म्हणजे ‘कुठल्याच रामायणात नाही’ हे म्हणणं टिकत नाही. पण गीता प्रेसच्या प्रचलित प्रतीत हा श्लोक नाही, आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात काढलेल्या चिकित्सित आवृत्तीच्या मूळ पाठातही नाही. त्या आवृत्तीचं युद्धकांड परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केलं. अशा आवृत्तीत वेगवेगळ्या प्रांतांतली हस्तलिखितं समोरासमोर ठेवतात. मोजक्याच पोथ्यांत आढळणारा श्लोक मूळ पाठातून खाली तळटिपेत जातो. ‘अपि स्वर्णमयी’चीही गत तीच: तो ना गीता प्रेसच्या प्रतीत, ना बडोद्याच्या मूळ पाठात.

मग एकाच उत्तरार्धाला दोन पूर्वार्ध कसे? ओळ मोजून पाहा. ‘जननी जन्मभूमिश्च’ आठ अक्षरं, ‘स्वर्गादपि गरीयसी’ आठ. हा अनुष्टुभाचा नेमका अर्धा भाग, आणि रामायणाचा बहुतेक भाग याच छंदात आहे. असा तयार अर्धा श्लोक लोकांच्या जिभेवर असला की त्याला कोणताही सोळा अक्षरी पूर्वार्ध जोडता येतो, आणि सांधा दिसत नाही. सुभाषितं अशीच फिरतात. ही ओळ तर आणखी दूर गेली: १८८२च्या ‘आनंदमठ’ कादंबरीत भवानंद हे पात्र ती म्हणतं, आणि नेपाळच्या राष्ट्रचिन्हावर ती कोरलेली आहे.

मला स्वतःला मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘लंका रुचत नाही’ म्हणण्याची वेळ खऱ्या युद्धकांडातही येते. प्रचलित प्रतीचा १२१वा सर्ग उघडा (बडोद्याच्या आवृत्तीत तो १०९वा, म्हणून आकडा सांगताना आवृत्तीही सांगावी). बिभीषण सकाळी हात जोडून उभा आहे: स्नानाचं पाणी, उटणी, वस्त्रं, दागिने सगळं तयार आहे. राम नको म्हणतो, पण त्याचं कारण पाहा: ‘तं विना कैकेयीपुत्रं भरतं धर्मचारिणम् । न मे स्नानं बहुमतं वस्त्राण्याभरणानि च ॥’ भरताशिवाय मला आंघोळ नको, कपडे नकोत, दागिने नकोत.

बिभीषण आणखी थोडं राहण्याचा आग्रह करतो. तेव्हाही राम म्हणतो, भरताला भेटायला मन घाई करतंय, चित्रकूटापर्यंत मला परत न्यायला आला होता तो. मग कौसल्या, सुमित्रा आणि कैकेयीही आठवतात. होय, कैकेयीसुद्धा, आणि तीही ‘यशस्विनी’ या विशेषणासह! आई इथे आहे, पण एकटी नाही आणि पहिली नाही. स्वर्गाशी तुलना कुठेच नाही. लक्ष्मणाला सोन्याची भुरळ पडली आणि रामाने समजावलं, असंही काही घडत नाही. आग्रह करणारा बिभीषण आहे.

पुष्पकातून अयोध्या दिसते तेव्हा राम सीतेला एवढंच सांगतो: ती बघ, ‘राजधानी पितुर्मम’, माझ्या वडिलांची राजधानी, परत आलीस, आता तिला नमस्कार कर.