नियम १७० आणि तेलाच्या बाटलीखालचं वर्णन

१९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत लेबल आहे, वेष्टन आहे, तोंडी केलेली घोषणा आहे, आणि प्रकाश, आवाज किंवा धूर यांनी दिलेला संदेशसुद्धा आहे. धुराचा विचार झाला होता, वेबसाइटचा कुठून होणार! २०२० च्या दुरुस्ती-मसुद्यात इंटरनेट आणि वेबसाइट आले, ज्या रोगांवरच्या उपचाराची जाहिरातच करता येत नाही त्यांच्या परिशिष्टात त्वचेच्या गोरेपणाची भर पडली. पण मसुदा पुढे सरकला नाही.

ती उणीव आयुर्वेदिक औषधांपुरती भरून काढू शकला असता तो १९४५ च्या औषध नियमांतला नियम १७०. डिसेंबर २०१८ मध्ये तो आला. जाहिरात आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याला दाखवायची, मंजुरीचा क्रमांक घ्यायचा, मगच छापायची. उत्पादक कोर्टात गेले. २९ ऑगस्ट २०२३ ला आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. नियम पुस्तकात तसाच, अंमल मात्र पत्राने थांबलेला. आयुर्वेदिक औषधांच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने नियम वगळायची शिफारस केली आहे आणि १९५४ च्या मूळ कायद्यातच दुरुस्ती चालू आहे, असं कारण दिलं गेलं. म्हणजे न झालेल्या दुरुस्तीच्या भरवशावर झालेला नियम बाजूला. मला हे कारण कधीच पटलं नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पत्रावरून मंत्रालयाला फटकारलं. १ जुलै २०२४ ला मंत्रालयाने नियमच वगळला, २७ ऑगस्टला न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ११ ऑगस्ट २०२५ ला प्रकरण बंद करताना स्थगितीही उठली. पूर्वमंजुरी गेली, जुनी बंधनं राहिली.

ती बंधनं कशी लागतात हे कडुनिंबाच्या तेलावर बघा. ‘त्वचा मऊ राहते’ असं लिहिलं तर ते सौंदर्यप्रसाधन. ‘मुरुमं बरी होतात’ म्हटलं की तो उपचाराचा दावा झाला, म्हणजे औषधाचा परवाना हवा. बाटली तीच, तेल तेच. आणि ‘कोडाचे डाग जातात’ लिहिलं, तर कोड १९५४ च्या परिशिष्टातच आहे. तिथे दावा खरा की खोटा हा प्रश्नच येत नाही, अशी जाहिरातच चालत नाही.

विक्रेते इथे ‘ग्रंथोक्त’ या शब्दाचा आधार घेतात. ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला ग्रंथातल्याच उपयोगासाठी परवाना मागताना रुग्णांवरच्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत, हे खरं. पण ती सवलत परवान्यापुरती. ‘सात दिवसांत फरक’ हे कुठल्या ग्रंथात आहे, असं विचारलं की वर्णनातली ती ओळ बहुधा गुपचूप निघून जाते.